'मुलगा झाला'

आज संध्याकाळी आमच्या गल्लीतला एक पोरगा दारात येऊन उभा राहिला. बारावी झालेला, सीईटीला चांगले मार्क. म्हणाला, "काकू, व्हॅलिडिटीला पणजोबांचा दाखला मागितलाय. आमचे पणजोबा शाळेतच गेले नव्हते." एवढं बोलला आणि रडायलाच लागला. त्याचे वडील रंगकाम करतात. जातीचा दाखला आहे, प्रांत ऑफिसची सही-शिक्का असलेला. मग राखीव जागेसाठी परत जातपडताळणी, म्हणजे ही व्हॅलिडिटी, कसली, हे त्या घरात कुणालाच कळत नाहीये.

मला कळतं, कारण माझ्या लेकीच्या वेळी आम्ही हेच भोगलंय.

आम्ही सुतार, म्हणजे ओबीसी. जात सिद्ध करायला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. एससींना 10 ऑगस्ट 1950, एसटींना 6 सप्टेंबर 1950 आणि भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा. आता सांगा, ज्यांना पिढ्यान् पिढ्या शाळेच्या पायरीवर उभं केलं नाही, त्यांनी पन्नासच्या आधीचा शाळेचा दाखला आणायचा कुठून? आणि मागतंय कोण, तर तेच सरकार!

माझे सासरे कधीच शाळेत गेले नाहीत. आठव्या वर्षी हातात वाकस आला. त्यांचे थोरले भाऊ दोन यत्ता शिकले होते, म्हणून आम्ही त्यांच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा काढला. जातीच्या रकान्यात गुरुजींनी नुसतं 'हिंदू' लिहिलेलं. आडनाव सुतार, पण आडनाव म्हणजे जात नव्हे, असं खिडकीतून ऐकवलं. मिस्टरांनी पाच रजा काढल्या, पाचही वाया.

शेवटी एका म्हाताऱ्या तलाठ्यांनी सांगितलं, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक बघा. म्हणजे गाव नमुना 14, गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. नकलेचा अर्ज केला, दोन आठवडे थांबलो. पान मोडी लिपीतलं निघालं, मग मोडी वाचणारे शोधले. 1938 सालची ती ओळ मला आजही पाठ आहे. बापाचं नाव, जात सुतार, आणि पुढं फक्त 'मुलगा झाला'. मुलाचं नावच नाही, कारण बारशाच्या आधीच नोंद व्हायची. मग हा मुलगा म्हणजेच माझे सासरे, हे जोडायला वंशावळीचं शपथपत्र केलं, तेच ते नमुना 3. शिवाय चुलत सासऱ्यांच्या उताऱ्यावर बापाचं तेच नाव होतं. त्या दोन कागदांचा सांधा बसला तेव्हा कुठे जातपडताळणी समितीनं मान्य केलं.

खोटे दाखले काढून जागा लाटणारे आहेत, मान्य. त्यांच्यामुळे आपल्याच पोरांच्या जागा जातात, म्हणून पडताळणी हवी. पण कोतवाल बुक सरकारच्या कपाटात, शाळेचं रजिस्टर सरकारच्या शाळेत, आणि शोधत फिरायचं रंगकाम करणाऱ्या माणसानं, रोज बुडवून? तुमच्याच वह्या तुम्हीच उघडा ना!

सासऱ्यांना ती नक्कल दाखवली तेव्हा ते बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. वाचता येत नव्हतं. "ह्यो मी?" एवढंच विचारलं. आपल्या जन्माची कुणी नोंद केली होती, हेच त्यांना ऐंशी वर्षं माहीत नव्हतं. हे लिहितानाही डोळे भरून येतायत.

ज्यांच्या घरी यंदा अकरावी सायन्स आहे, त्यांनी बारावीच्या निकालाची वाट बघू नका. प्राचार्यांचं पत्र घेऊन आत्ताच अर्ज करा. निकालानंतर सगळा जिल्हा एकदमच त्या दारात येतो आणि प्रवेशाच्या तारखा कुणासाठी थांबत नाहीत. आधी चुलते, आत्या, चुलत भावंडं यांच्यापैकी कुणाकडे व्हॅलिडिटी आहे का विचारा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातली असेल तर निम्मं काम झालं. आईकडचे कागद चालत नाहीत, त्यात वेळ घालवू नका. आणि लग्न झालेल्या मुलींनो, तुमचीही जात माहेरचीच धरतात, सासरचे कागद गोळा करू नका.

त्या पोराला विचारलं, पणजोबांना भाऊ होते का? म्हणाला, माहीत नाही, आजीला विचारतो. मघाशी फोन आला, दोन भाऊ होते, आणि धाकटा चौथीपर्यंत शिकला होता. शाळा अजून चालू आहे. उद्या दहा वाजता मी त्याच्याबरोबर जाणार आहे.

मोडी वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर कमेंटमध्ये सांगा, लागेलच.