हेडफोनची बिजागरी मोडली की सगळे एकच सांगतात, ग्लू लाव

डोकं फिरलंय माझं. हेडफोन पडला नाही, कोणी त्यावर बसलं नाही, नुसता रोज घालून काढून उजव्या बाजूला बिजागरीच्या वर तडा गेला. ड्रायव्हर ठणठणीत, बॅटरी चांगली, आवाज मस्त, आणि मोडलं काय तर नखाएवढं प्लास्टिक! दोन स्क्रूंची भोकं, त्यातून जाणारी वायर, आणि भोवती जेमतेम दोन मिलिमीटरची भिंत. डोक्यावर चढवताना बँड फाकतो तेव्हा ताण सगळीकडेच येतो पण तुटतं तिथेच जिथे सगळ्यात पातळ आहे, हे डिझाइन करणाऱ्याला कळत नाही का?

आणि ज्याला सांगावं तो म्हणतो सुपरग्लू लाव. अरे बाबा, तो ग्लू सुकला की काचेसारखा कडक होतो, सरळ ओढलं तर धरून ठेवतो पण वाकवलं की कट्ट करून सुटतो, आणि हेडबँडचं तर कामच वाकायचं आहे. वर तो पातळ असतो, फटीतून झिरपून बिजागरीच्या पिनपर्यंत गेला की फोल्डिंगच बंद. आजूबाजूचं काळं प्लास्टिक पांढरं पडतं ते वेगळंच.

तडा बँडच्या सरळ भागात असेल तरच जोडण्यात अर्थ आहे, आणि तेही दोन ट्यूबवाल्या इपॉक्सीने. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरखरीत करायच्या, आयसोप्रोपिलने पुसायच्या, बाहेरून स्टीलची पातळ पट्टी तड्याच्या दोन्हीकडे दोन-दोन सेंटीमीटर जाईल अशी बसवायची, कारण जोर पट्टीने घ्यायचा असतो, ग्लूने फक्त तिला धरून ठेवायचं. मग क्लिप लावून 24 तास हात लावायचा नाही. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी घाईला बरं वाटतं पण इथे हळू सुकणारंच घ्या. आणि प्लास्टिक मेणासारखं गुळगुळीत, नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन टाइपचं असेल तर इपॉक्सीही नीट धरत नाही, नख लावलं की अख्खा पापुद्रा निघतो.

माझा तडा मात्र थेट स्क्रूच्या भोकातून पिनच्या घरात गेलाय. तिथे पट्टी बसायला जागा नाही, इपॉक्सी भरलं तर बिजागरी जाम, नाही भरलं तर स्क्रू पकडणार कशात? शिवाय कप फिरवला की उजवा आवाज मधेच जातो, म्हणजे आतली केसासारखी वायरही तुटायला आलीय. अशा वेळी अख्खा बँड बदलणं हाच शहाणपणा, ग्लूवर वेळ घालवायचा नाही.

म्हणून सर्व्हिस सेंटरला बँड मागितला. उत्तर काय? "सर, फिजिकल डॅमेज वॉरंटीत येत नाही, हा पार्ट सुटा मिळत नाही, नवीन घ्या, डिस्काउंट देतो." अरे, दोन स्क्रू काढले की निघतो तो पार्ट, मी स्वतः काढून पाहिलाय! तुमच्याकडे तो बनतो, पॅक होतो, फक्त मला विकायचा नाहीये. हजारोंची वस्तू भंगारात घालायची का नखाएवढ्या प्लास्टिकसाठी? कोणी तोच मॉडेल ड्रायव्हर गेलाय म्हणून विकत असेल तर सांगा, मी त्याचा बँड काढून घेतो, पण त्या कंपनीला आता एक रुपया देणार नाही.