पिंपल्स आले म्हणून टी चुकवू नका

टी, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, सुरू करणाऱ्या ट्रान्स पुरुषांना असा सल्ला हमखास ऐकायला मिळतो: «टी सुरू केली की पिंपल्स येणारच. जितके जास्त, तितकं औषध लागू पडतंय समजा. क्रीम वगैरे लावू नका, दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने तोंड धुवा. फारच आले तर एखादं इंजेक्शन सोडून द्या, चेहरा आपोआप साफ होतो.»

पहिला मुद्दा लवकर निकालात काढतो. तैलग्रंथी टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर डीएचटी नावाच्या जास्त तीव्र हार्मोनमध्ये करतात आणि त्याच्या हुकमाने तेल वाढवतात. ही ग्रंथी किती हळवी आहे ते बरंचसं आनुवंशिक असतं. त्यामुळे एकाच मात्रेवर एकाची पाठ फोडांनी भरते आणि दुसऱ्याचं फक्त कपाळ चमकतं. औषध लागू पडतंय का, हे रक्ताच्या तपासणीवरून, आवाजावरून, पाळी थांबण्यावरून कळतं. तेलकटपणा सहसा पहिल्या सहा महिन्यांत सुरू होतो, वर्षभर तरी जोरात असतो आणि बहुतेकांचा नंतर ओसरतो. पण तोवर खोल गाठी झाल्या तर पडलेले खड्डे ओसरत नाहीत, म्हणून नुसती वाट पाहणं मला पटत नाही.

इंजेक्शन सोडण्याचा सल्ला मात्र मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण मी तो पाळला होता. मला 250 मिलिग्रॅमचं टेस्टोस्टेरॉन एनान्थेट दर तीन आठवड्यांनी होतं. इंजेक्शननंतरच्या आठवड्यात हनुवटी आणि पाठ पेटायची, तिसऱ्या आठवड्यात जरा शांत व्हायची. मी एक डोस गाळला. चेहरा थोडा निवळला खरा, पण पाळी परत आली आणि ते दिवस मला अजून आठवतात. पुढच्या डोसनंतर फोडही परत आले. एंडोकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, गेल्यावर त्यांनी दोन इंजेक्शनांच्या बरोबर मध्यावर रक्त तपासायला लावलं, डोसच्या तारखा आणि फोडांच्या तारखा शेजारी शेजारी लिहायला सांगितल्या. चढउतार स्पष्ट दिसला. मग त्यांनी निम्मी मात्रा निम्म्या अंतराने दिली. एकूण औषध तेवढंच राहिलं, शिखर मात्र खाली आलं. हे सगळ्यांना लागू पडेलच असं नाही, पण हा बदल डॉक्टर करतात, आपण परस्पर नाही.

तोंड धुण्याचं म्हणाल, तर दोनदा पुरे, आणि घाम आला तर अजून एकदा. तेल ग्रंथीच्या आत, हार्मोनच्या सांगण्यावरून तयार होतं. साबण फक्त वरचं काढतो आणि त्वचा सोलवटून ठेवतो. मग औषध लावलं की आग होते आणि माणूस औषधच सोडून देतो.

माझा क्रम असा आहे. सकाळी सौम्य फेसवॉश, हलकं मॉइश्चरायझर, जेलसारखं सनस्क्रीन. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर वाटाण्याएवढं 0.1 टक्का अ‍ॅडापलीन, एकेका फोडावर नाही तर सगळ्या चेहऱ्यावर. पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून. कातडी स्थिरावल्यावर त्वचेच्या डॉक्टरांनी सकाळी 2.5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड जोडलं. त्याने टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा पडतो, म्हणून पांढरेच वापरा. सुरुवातीला फोड थोडे वाढू शकतात, आणि फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. आठ दिवसांत क्रीम बदलणाऱ्याला काहीच लागू पडत नाही. छाती सपाट दिसावी म्हणून घट्ट बाइंडर घालणाऱ्यांनी आतून सुती बनियन घालावं आणि घामेजल्यावर लगेच बदलावं. डोक्याला खोबरेल लावत असाल तर ते कपाळावर उतरू देऊ नका.

‘क्रीम लावू नका’ या वाक्यात एकच खरा अंश आहे. मेडिकलमधून विचारून आणलेली ‘गोरं करणारी’ क्रीम खरंच लावू नका. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. सुरुवातीला काही दिवस चेहरा छान दिसतो, मग एकसारखे बारीक लाल पुरळ येतात आणि क्रीम थांबवली की अजून भडकतात. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन वाचलंत तर ठेवून द्या. आधीपासून लावत असाल तर डॉक्टरांना सांगून बंद करा.

दुखऱ्या गाठी, छातीपाठीवरचे मोठे फोड किंवा खड्डे दिसू लागले तर बारा आठवडे थांबू नका. तिथे आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचा विचार होतो आणि त्या आधी यकृत व चरबीच्या तपासण्या होतात. टी चालू आहे हे त्वचेच्या डॉक्टरांना, आणि ही गोळी चालू आहे हे एंडोला सांगा. गर्भाशय आणि बीजकोश असतील, आणि गर्भ राहू शकेल असा संबंध येत असेल, तर गर्भनिरोधकाबद्दलही तिथेच बोला. पाळी थांबली तरी टी गर्भनिरोधक नाही, आणि आयसोट्रेटिनॉइनने गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं. हा प्रश्न विचारायला डॉक्टरच संकोचत असतील तर आपणच काढा.