पळायचं बटण नसलेले गेम

माझा मावसभाऊ एकसष्टचा. बायपासनंतर डॉक्टरांनी चढ बंद केले. ज्या माणसाने पस्तीस वर्षं दर पावसाळ्यात एखादा तरी घाट पायी उतरला, तो आता सोसायटीला चकरा मारतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. "तू ते कॉम्प्युटरवर गेम खेळतेस ना? त्यात नुसतं चालायला मिळेल असं काही असतं का? मला कोणाला मारायचं नाही आणि मरायचंही नाही."

म्हटलं, दादा, असतं. वर्षानुवर्षं तेच खेळतेय मी. लोक त्याला वॉकिंग सिम्युलेटर म्हणतात. हे नाव मुळात टिंगल म्हणून पडलं, 'यात खेळण्यासारखं काही नाही, नुसतं चालत सुटायचं' या अर्थाने. पुढे तेच रुळलं. पण दादासाठी निवडायला बसले तेव्हा लक्षात आलं, की या नावाखाली काहीही खपतं. ज्यात मारामारी नाही ते सगळं प्रवासाची हौस भागवतंच असं नाही. म्हणून मी दोनच गोष्टी तपासते. गेम तुम्हाला घाई करू देतो का, आणि वाट कोण दाखवतं.

दोन्हींत सगळ्यात कडक म्हणजे 'डिअर एस्थर'. आधी 2008 मध्ये मॉड होता, म्हणजे दुसऱ्या एका गेमवर बांधलेली फुकट आवृत्ती, 2012 मध्ये स्वतंत्र गेम म्हणून आला. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या हेब्रिडीजमधलं एक निर्जन बेट, वारा, गवत, कातळ, पडकी घरं. पळता येत नाही, उडी मारता येत नाही, काही उचलता येत नाही. अंधारात शिरलात की टॉर्चही आपोआप लागतो. समुद्रात फार खोल गेलात तर दृश्य मिटतं, 'परत ये' असा आवाज येतो आणि तुम्ही पुन्हा जमिनीवर. हरण्याची तेवढीच सोय.

या गेमवर लोकांचा पहिला राग चालण्याच्या वेगावर असतो. मलाही पहिली दहा मिनिटं चीड आली होती. मग कळलं, की वेग काढून घेतल्यावर माणूस आजूबाजूला बघायला लागतो, कारण दुसरं काही करताच येत नाही. नकाशा नाही, बाण नाही. लांब टेकडीवर एका मनोऱ्याचा लाल दिवा लुकलुकतो, तो कधी दिसतो, कधी कड्याआड जातो. ट्रेकला लांबून सुळका दिसावा आणि दिवसभर त्याच्याशी लपंडाव चालावा, तसं. दीड-दोन तासांत संपतो. मधूनमधून एक माणूस पत्रांचे तुकडे वाचतो. हे तुकडे प्रत्येक खेपेला थोडे बदलतात, त्यामुळे गोष्ट पूर्ण हाती लागत नाही. एक मात्र सांगते, ती गोष्ट दुःखाची आहे. नुकतंच घरात कोणी गेलं असेल तर हा गेम नको.

दादाला मी पहिला दिला तो 'फायरवॉच', 2016 चा. कारण त्याचा कागदी नकाशा. गोष्ट 1989 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये घडते, शोशोनी राष्ट्रीय वनात. शेजारच्या यलोस्टोनमध्ये आदल्याच वर्षी प्रचंड वणवे लागलेले. तुम्ही हेन्री, मनोऱ्यात बसून वणव्यावर नजर ठेवणारा माणूस. तुमची वरिष्ठ डेलायला, लांबच्या दुसऱ्या मनोऱ्यात, वॉकीटॉकीवर बोलते. नकाशा आणि होकायंत्र हेन्री खरोखर हातात धरतो, पडद्याच्या कोपऱ्यात काही चिकटवलेलं नसतं. वाटेत सामानाच्या पेट्या लागतात, सगळ्यांचं कुलूप 1234 (सरकारी कारभार सगळीकडे सारखाच). आतल्या कागदावरच्या खुणा हेन्री आपल्या नकाशावर उतरवून घेतो.

आता मुख्य गंमत. नकाशावर तुमची जागा दाखवणारा ठिपका असतो, तो सेटिंगमधून बंद करता येतो. मी दादाला सांगितलं, पहिलं काम हे कर. पहिल्या दिवशी मनोऱ्यावरून जोन्सी तळ्यावर जायचं असतं, तिथे कोणीतरी फटाके उडवतंय. ठिपका असेल तर तुम्ही ठिपकाच हाकत नेता, झाडं दिसतही नाहीत. ठिपका नसेल तर ओढा कुठून वळला, दोर लावून उतरलेली घसरण नकाशावर कुठली, आता उत्तर कुठे, हे जुळवावं लागतं. चुकलात तरी काही बिघडत नाही. घड्याळ नाही, दम संपत नाही, कड्यावरून पडता येत नाही. जास्तीत जास्त तुम्ही चुकीच्या कुरणात पोचता. दादा पहिल्या दिवशी दोनदा चुकला आणि मला फोन करून इतक्या आनंदाने सांगितलं, की मी हसतच सुटले.

खरं तर ते जंगल लहान आहे. ते मोठं वाटतं ते दिवसांच्या उड्यांमुळे. पहिला, दुसरा, तिसरा, मग एकदम नववा, पंधरावा, तेहतिसावा. त्याच वाटेवर पुन्हा येता तेव्हा उजेड वेगळा, पुढे पुढे धूर. जागा ओळखीची होते ती अशी, परत परत जाऊन.

पण इथे माझी चूक झाली. फायरवॉच शांत गेम नाही. पहिल्याच संध्याकाळी परतताना अंधारात कोणीतरी तुमच्या तोंडावर टॉर्च मारतं, आणि तिथून संशयाचा धागा सुरू होतो. कसोटी काहीच नाही, पण धडधड आहे. बायपासवाल्या माणसाला मी हे द्यायला नको होतं. चार-पाच तासांचा गेम त्याने आठ दिवस पुरवला, "आवडला, पण रात्री खेळत नाही" म्हणाला. शिवाय डोळ्यांसमोरचं दृश्य हलल्याने त्याला मळमळलं. बऱ्याच जणांना होतं हे. सेटिंगमध्ये दृश्याचा कोन वाढवणं, डोक्याची हालचाल आणि मोशन ब्लर, म्हणजे वळताना दृश्य धूसर होणं, जिथे असेल तिथे बंद करणं, आणि पडद्यापासून हातभर मागे बसणं, एवढ्याने त्याला पुष्कळ फरक पडला.

मग त्याला दिला 'युरो ट्रक सिम्युलेटर 2'. हसू नका. 2012 चा, प्रागच्या कंपनीचा, चालण्याशी काही संबंध नाही, पण प्रवासाची भूक याच्याइतकी कोणी भागवत नाही. धंदा, कर्ज, स्वतःचा ट्रक या भानगडीत पडायचंच नाही. क्विक जॉब घ्यायचा, ट्रक मालकाचा, डिझेल मालकाचं. सेटिंगमध्ये गिअर ऑटोमॅटिक, थकवा बंद, वाहतुकीचे दंड बंद. शेवटी ट्रेलर रिव्हर्समध्ये लावायचं येतं तिथे नवखे रडतात, पण पार्किंग टाळण्याचा पर्याय समोरच असतो. थोडे गुण जातात, जाऊ देत.

यातलं अंतर साधारण एकोणीस पटीने आखडलेलं असतं. ऑस्लो ते क्रिस्तियानसां खऱ्या रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटर, गेममध्ये सतराएक. ताशी पंचाहत्तरने गेलात तर पंधरा मिनिटांच्या आत पोचता. नॉर्वेसाठी स्कँडिनेव्हियाची भर वेगळी विकत घ्यावी लागते. शहरं दोन-चार चौकांत उरकतात हे खरं, पण चढ, बोगदे, पाऊस, 'पी' दाबून चालू केलेले वायपर आणि इंटरनेटवरून लागलेला तिथला रेडिओ, यात काही कमी वाटत नाही.

काल रात्री दादाचा फोन. क्रिस्तियानसांला पोचला होता, डेन्मार्कची बोट पकडायची होती. एकच तक्रार. "रस्त्यात थांबून झोपता येतं, मग चहा का घेता येत नाही?"