मायनस गेला गड्ड्याला

जानेवारीत सोलापुरात दोनच गोष्टी जोरात असतात, गड्ड्याची जत्रा आणि बारावीची प्रिलिम. पोरं पेपर लिहितात होम मैदानाकडं कान लावून, आणि ते पेपर तपासायला येतात माझ्याकडं.

यंदाचा प्रश्न साधा होता. (1−x)/2 = y−3 = z/3 ही एक रेषा, दुसरीचे डायरेक्शन रेशो 1, 2, −1. दोन्हींना लंब असणाऱ्या रेषेचे डीआर काढा. म्हणजे क्रॉस प्रॉडक्ट. पहिल्याच बहाद्दरानं डॉट घेतला, −3 आणला आणि लिहिलं, ‘डीआर = −3’. तीन आकडे हवेत तिथं एकच, तरी खाली दोन रेघा! दुसरा जास्त हुशार. त्यानं एकेक घटक गुणून −2i + 2j − 3k केलं. हा ना डॉट, ना क्रॉस. टोप्या मात्र i, j, k तिघांच्या डोक्यावर.

ही मंडळी निदान लगेच सापडतात. खरा छळ (−7, 5, 3) लिहिणाऱ्यांचा. क्रॉस प्रॉडक्टचा ताळा म्हणजे उत्तराचा मूळ दोन्ही सदिशांशी डॉट शून्य यायला हवा. मधल्या j चा मायनस विसरला की शून्य येत नाही, चोरी पकडली जाते. इथं मात्र पोरानं ताळाही करून दाखवलेला: −14 + 5 + 9 = 0. दुसराही शून्य! मी लाल पेन हातात धरून बसलो. बायको म्हणाली, “अहो, भाकरी कडक झाली.” सोलापुरात ही काय तक्रार झाली?

गोम वर होती. 1−x मध्ये x उलटा बसलाय, त्याला सरळ केला की डीआर −2, 1, 3 होतात. पोरानं घेतले 2, 1, 3. चुकीच्या सदिशाशी केलेला ताळा बिचारा चुकीलाच शाबासकी देणार. म्हणून आधी डीआर तपासायचे: रेषेवरच्या (1, 3, 0) मध्ये ते मिळवून बघायचे. (3, 4, 3) समीकरणात घातला तर −1, 1, 1 येतं. म्हणजे बिंदू रेषेवर नाहीच. −2 घेतला की (−1, 4, 3), आणि तिन्हीकडं 1. मग बरोबर उत्तर (−7, 1, −5).

कुणी क्रम उलटा घेऊन (7, −1, 5) लिहिलं, त्याला मी पूर्ण मार्क दिले. घोटाळा तिथंच झाला. (−7, 5, 3) वाला दुसऱ्या दिवशी हजर.

“सर, त्याचे सगळे मायनस-प्लस उलटे, त्याला पूर्ण. माझा एकच मायनस सुटला, तर कापले की ओ!”

“तिन्हींची चिन्हं एकदम बदलली तर रेषा तीच राहते रे. एकट्याचं बदललं की रेषा दुसरीकडंच जाते.”

“म्हणजे आपण तिन्ही चुकवायचे होते.”




तर्क बिनचूक होता. मार्क मी तरीही दिला नाही.