अरबी मुळे आणि साचे : ओळख किती आणि अंदाज किती

"अरबीत तीन व्यंजनांचे मूळ एकदा समजले की त्यातून निघणारी सगळी क्रियापदे आणि नामे आपोआप कळतात, शब्द वेगळे पाठ करावे लागत नाहीत."

यातील खरा भाग आधी मान्य केला पाहिजे, कारण मराठी वाचकाला तो स्वतःच्याच शब्दांवर पडताळता येतो. ह-स-ल या मुळाचा गाभा 'हाती येणे' असा आहे. मधले व्यंजन दुप्पट केले की 'हस्सला', म्हणजे 'गोळा केले', हे क्रियापद होते. त्या क्रियेचे नाम 'तहसील'. साध्या क्रियापदावरून, जे हाती आले ते 'महसूल'. फारसीमार्गे आलेले आपले 'तपशील' आणि 'मजकूर' हे शब्दही अनुक्रमे याच दोन साच्यांतले आहेत. मधले व्यंजन दुप्पट झालेल्या क्रियापदाचे नाम बहुतेक वेळा 'तहसील'च्या साच्यातच पडते, म्हणून तेवढा नियम निर्धास्तपणे शिकावा.

साध्या, न वाढवलेल्या क्रियापदापाशी मात्र हा आधार सुटतो. 'दखला' (आत गेला) याचे नाम 'दुखूल', 'दरबा' (मारले) याचे 'दर्ब' आणि 'कतबा' (लिहिले) याचे 'किताबा' असे होते. क्रियापदांचा साचा एकच असताना नामांचे साचे तीन आहेत, आणि कोणत्या मुळाला कोणता लागेल हे मुळावरून ठरत नाही. क्रियापद शिकतानाच त्याचे नामही सोबत पाठ करावे लागते.

अर्थाच्या बाबतीत अडचण अधिक खोल आहे. द-र-ब या मुळापासून 'इदराब' म्हणजे संप आणि 'दरीबा' म्हणजे सरकारी कर हे शब्द होतात, तर 'दर्ब' हाच शब्द अंकगणितात गुणाकारासाठी वापरतात. अर्थ ठाऊक झाल्यावर 'मारणे'शी त्यांचे काही नाते लावता येईलही, परंतु केवळ मूळ जाणणाऱ्याला 'दरीबा'चा अर्थ कर असा लागणार नाही. शिवाय प्रत्येक मूळ प्रत्येक साच्यात उतरत नाही. हान्स वेर यांच्या मूळवार कोशात त्या त्या मुळाखाली प्रचारातली रूपेच क्रमांकाने दिलेली असतात, आणि एखादा क्रमांक गाळलेला दिसला तर ते रूप स्वतः बनवून वापरू नये.

मुळात शब्दावरून मूळ ओळखणे हेच सोपे नाही. 'वसूल' आणि 'महसूल' मराठी कानाला एका घरचे वाटतात. पण पहिल्याचे मूळ व-स-ल, दुसऱ्याचे ह-स-ल. 'तालीम'मध्ये त-ल-म शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही, कारण आरंभीचा 'त' साच्याचा आहे आणि मुळातले पहिले व्यंजन, 'ऐन', मराठी उच्चारात लोपले आहे. खुद्द अरबीतही 'इत्तिसाल' (संपर्क) या शब्दात व-स-ल मधला 'व' पुढच्या 'त'मध्ये मिसळून जातो. म्हणून आरंभीच्या 'इ'नंतर दुप्पट 'त' दिसला, तर कोशात आधी 'व'ने सुरू होणारे मूळ पाहावे.