‘दीड तासात उरकलं’ याबद्दल

‘१,८०० रुपये घेतले आणि दीड तासात उरकून गेले. गादी चिंब ओली ठेवली, रात्री मलाच हेअर ड्रायरने वाळवावी लागली. तिसऱ्या दिवशी मुलाच्या शूचा वास परत! पैसे पाण्यात.’

नमस्कार ताई,

वास परत आला, तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफ करा. पण ‘उरकलं’ हा शब्द लागला, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

गादी ओली राहिली नव्हती, ओली ठेवली होती. तुमची गादी सहा इंची फोमची. वर वीतभर दिसणारा डाग आत उतरताना पसरत जातो, खाली तो जवळजवळ दुप्पट असतो. आमच्याकडच्या मुलांनी आधी गार पाणी मारून व्हॅक्यूमने दोनदा ओढून घेतलं, मग अर्धा लिटर एन्झाइमचं द्रावण डागाच्या कडेबाहेर चार बोटं जाईल असं मुरवलं. शू जिथवर गेली तिथवर द्रावण पोचलं नाही तर वरवरचं कापड तेवढं स्वच्छ होतं. जुन्या डागात युरिक अ‍ॅसिडचे बारीक खडे धरलेले असतात. ते साध्या पाण्यात फारसे विरघळत नाहीत, आणि पावसाळी दमट हवेत त्या डागाचा वास पुन्हा उठतो. हे खडे फोडायला एन्झाइमला आठ-दहा तास ओल लागते. म्हणजे आम्ही निघालो तेव्हा खरं काम सुरू झालं होतं. ड्रायर फिरवल्यावर ते तिथेच थांबलं. सकाळपर्यंत हात लावू नका, मग गादी उभी करून पंखा लावा, असं निघताना सांगितलं होतं, बिलामागेही छापलंय.

दुसरं म्हणजे, आधी त्यावर फिनेल ओतलं होतं हे तुम्ही तिसऱ्या दिवशी फोनवर सांगितलंत. आमच्या द्रावणात हे एन्झाइम बनवणारे जिवंत जिवाणू असतात, फिनेल त्यांना मारतं. आधी कळलं असतं तर अजून दोन वेळा धुऊन मगच द्रावण घातलं असतं. मुलांनी विचारायला हवं होतं, ही चूक आमचीच. आता बुकिंगच्या वेळीच विचारायचं ठरवतोय, बाकीही काही सुधारणा करतोय.

एक करून बघा. डागावर थोडं गार पाणी शिंपडा, पांढरा टिश्यू ठेवून त्यावर गुडघ्याने दहा-पंधरा सेकंद जोर द्या. टिश्यू पिवळट आला तर आत अजून शिल्लक आहे. तसं असेल तर फोन करा, दुसरी फेरी फुकट करून देऊ. (ब्लीच मात्र कृपया घालू नका, शूतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो.) काथ्याची गादी असती तर आम्ही आधीच हमी दिली नसती, फोममधला वास निघतो.

वास गेला तर तुम्ही रिव्ह्यूत दिलेला तो एक तारा जरा बघा. नवीन गिऱ्हाईक आधी तेच वाचतं.