पावसाळ्यातले मेरँग आणि आमची चूक

★★ "भाचीच्या वाढदिवसाला मेरँगचा डबा घेऊन गेले. अर्धे बदामी पडलेले, वरून तडे गेलेले आणि आत चिकट, दाताला चिकटून बसत होते. दुकानात विचारलं तर म्हणे, पावसाळ्यात असंच होतं. मग पावसाळ्यात विकता कशाला?"

नमस्कार ताई,

दुकानात तुम्हाला जे सांगितलं ते चुकीचं होतं. वाढदिवसाच्या घरी असा डबा उघडला गेला याचं मला फार वाईट वाटलं. त्या शनिवारी काय झालं ते मी कामगारांना विचारून, उरलेले नग तपासून घेतलं.

आमचं प्रमाण साधं आहे. १ भाग अंड्याचं पांढरं, २ भाग साखर. एक नग कच्चा असताना २० ग्रॅम भरतो. मेरँग भाजायचं नसतं, वाळवायचं असतं. म्हणून ओव्हन ९५ अंशांवर, साधारण २ तास. मग ओव्हन बंद करून दार न उघडता ट्रे रात्रभर आतच. हे काम आम्ही रोज सगळ्यात शेवटी, रात्री आठला लावतो आणि सकाळी ट्रे काढतो.

त्या दिवशी केकची मोठी ऑर्डर होती म्हणून मेरँग दुपारी लावले. आधीचे केक १८० अंशांवर भाजून झाले होते. बटण ९५ वर फिरवलं म्हणून ओव्हन लगेच ९५ वर येत नाही, भिंती आणि जाळ्या बराच वेळ तापलेल्या राहतात. आत टांगायचा तापमापक कोणी पाहिला नाही. वरच्या ट्रेतले नग त्यामुळेच बदामी पडले.

दीड तासाने केकसाठी ओव्हन हवा होता, म्हणून ट्रे बाहेर काढून टेबलावर ठेवले. तडे तिथे गेले. गरम कवच गार हवेत एकदम आकसतं आणि ते काचेसारखं ठिसूळ असतं. बंद ओव्हनमध्ये तेच हळूहळू निवतं आणि उरलेल्या उष्णतेवर मधला ओलावाही निघत राहतो. मला विचाराल तर शेवटचं वाळणं खरं तिथेच होतं. घाईत लोक हाच भाग सोडतात, आम्हीही सोडला.

आता चिकटपणाचं. पांढऱ्यात दहातले जवळपास नऊ भाग पाणी असतं. म्हणजे २० ग्रॅमच्या नगात सुमारे ६ ग्रॅम पाणी, आणि नीट वाळलेला नग साडेचौदा ग्रॅमच्या आसपास यायला हवा. शनिवारचे उरलेले नग मी काट्यावर ठेवले, ते १६ ग्रॅम भरले. जवळजवळ एक तृतीयांश पाणी आतच होतं.

पावसाचा दोष असता तर खूण वेगळी दिसली असती. साखर हवेतला ओलावा ओढते, म्हणून साताऱ्याच्या जुलैत उघडा राहिलेला नग आधी वरून चिकट होतो, मोडला तर मध्यभाग तोवर कोरडा भुसभुशीत असतो. तुमचे वरून कडक आणि आत चिकट होते, म्हणजे ते मुळात वाळलेच नव्हते. ओव्हनमधून काढताना हाताला मऊ लागणं मात्र चालतं, गार झाल्यावर कडकपणा येतो. म्हणून आम्ही गरम असताना दाबून बघत नाही. बटर पेपरवरून नग अलगद सुटतो का आणि बुडावर टिचकी मारली की पोकळ वाजतो का, ते बघतो. त्या दिवशी तेही कोणी पाहिलं नाही.

पाऊस खरा नडतो तो नंतर. पूर्ण वाळलेला नगही डबा उघडा ठेवला तर थोड्याच वेळात मऊ पडायला लागतो. हे आम्ही डब्यावर लिहायला हवं होतं, आता लिहिलं आहे. फ्रीजमध्येही ठेवू नका, तिथे तो ओलावा धरतो.

डब्यात न करपलेले काही उरले असतील तर टाकू नका. ओव्हन ९० अंशांवर आणून ४० मिनिटं ठेवा, मग बंद करून पूर्ण गार होईपर्यंत आतच राहू द्या. मध्ये दार उघडू नका. आतला चिकटपणा बराचसा जाईल. बदामी रंग मात्र जाणार नाही, आणि त्या नगांना साखर करपल्याची थोडी कडवट चवही राहील.

आता मेरँग फक्त रात्री लागतात आणि प्रत्येक ट्रेतले ३ नग वजन केल्याशिवाय डबे भरत नाही. कामगारांनाही मी वाळलेला आणि न वाळलेला नग मोडून दाखवला. तुमचे पैसे मी परत करते. पावती नसली तरी चालेल, शनिवारची खरेदी एवढं सांगा. आणि भाचीसाठी एक डबा बाजूला काढून ठेवते. आदल्या संध्याकाळी फोन केलात तर रात्री लावून सकाळी ताजा देईन.